जावेचं चाक

माझ्या धाकट्या जावेबद्दल कुणी चार वाईट शब्द बोललं, तर मला बरं वाटतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की हिनं लपवलं. अडचण एवढीच, की तिच्याबद्दल कुणी वाईट बोलतच नाही. सासू नाही, दीर नाही, आमचे हे तर नाहीच नाही. खोल्यांवर उतरायला येणारे पुण्याचे पाहुणेसुद्धा जाताना माझ्या हातचं जेवून तृप्त होतात आणि आभार तिचे मानतात. का, तर बुकिंगच्या फोनवर ती गोड बोलते.

मुळशी धरणाच्या पाण्याच्या कडेला आमचं घर. खाली भातखाचरं, वर डोंगर, आणि घरामागं बांधलेल्या खोल्या. शनिवार-रविवारी पाहुणे येतात. स्वयंपाक माझ्याकडं, बाकीची मिरवणूक तिच्याकडं. ती महाळुंग्याची. तिच्या माहेरच्या शेतावर आता टोलेजंग इमारती उभ्या आहेत, लिफ्टमधून वर जाणारी माणसं ती. पण लग्न करून आली ती सरळ शेण भरायला बसली. लोकांना त्याचं केवढं अप्रूप! मी इतकी वर्षं शेण भरतेय, मला कुणी विचारलं नाही, बाई, हात दुखतात का.

आमच्या सासूबाईंचा एक कायदा आहे. दोघी सुनांना सगळं सारखं. एकीला साडी घेतली की दुसरीलाही त्याच भावाची. एकीला जोडवी, तर दुसरीलाही जोडवी. पाहुण्यांना फिरायला म्हणून गिअरच्या सायकली घेतल्या, तेव्हाही दोन आमच्या नावानं बाजूला काढल्या. कंपनी एक, गिअर तितकेच, रंगही तोच. चाकंही एकाच मापाची, फक्त फ्रेमचं माप वेगळं. ती ताडमाड, तिला मोठी फ्रेम. मी बुटकी, मला लहान. तिच्या सायकलवर बसले, तर माझे पाय लोंबकळत राहतात. उंचीसुद्धा देवानं तिलाच दिली.

माझी सायकल कामाची झाली. रोज सकाळी दुधाची किटली हँडलला अडकवून खिंडीतल्या रिसॉर्टला पोचवायची. रस्ता डांबरी, पण चढ असा, की शहरातून झकपक कपडे घालून आलेले सायकलवाले तिथं उतरून पाणी पीत बसतात. मी नाही उतरत. मधल्या दोन गिअरांवर उभं राहून दाबत जायचं, ही माझी रीत. मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या चकतीवर चेन टाकली, की पाय हलके फिरतात, पण सायकल गाभण म्हशीसारखी चालते. मला नाही जमत असली मवाळ चाल. धाकटी मात्र चढ आला की टकटक गिअर बदलते, उतार आला की बदलते, वाऱ्यावरसुद्धा बदलते. नखरे नुसते, असं मी तेव्हा म्हणायचे. अजूनही म्हणते.

तर झालं असं, की पाहुण्यांच्या सायकली पौडच्या मेस्त्रीकडं नेल्या होत्या, तेव्हा तिनं आपलीही नेली. मेस्त्रीनं चेनीत मापाची पट्टी घालून बघितली, म्हणाला, झिजायला लागलीय, वेळेवर आणलीत, आताच बदला. बदलली. घरी आल्यावर बाई अंगणात चकरा मारून दाखवत होत्या. "आई, बघा ना, लोण्यासारखी चालतेय!"

सासूबाई म्हणाल्या, "थोरलीची बी बदला मंग."

कायदा तो कायदा. मी सायकल घेऊन पौडला गेले. मेस्त्रीनं पट्टी माझ्या चेनीत घातली आणि ती खटकन पुरती आत बसली. त्यानं ओठ दाबले.

"वहिनी, लई ताणलीय ही. पिना झिजल्या की चेन लांबती आन् लांबलेली चेन दात खाती. ह्या मधल्या चकत्या बघा, कशा झाल्यात. हितं नवी चेन नुसती घालून भागायचं न्हाई, कॅसेट बी बदलावी लागंल."

"धाकटीची कॅसेट बदलली का?"

"त्यांची न्हाई. त्यांचे दात चांगले हायेत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे तिचे दात चांगले आणि माझे खराब? तिनं सायकल जपली आणि मी वाट लावली? रोज दुधाची किटली कोण वाहतं, ते कुणी बघायचं? आणि घरी जाऊन काय सांगू, की धाकटीला नुसती चेन लागली, थोरलीला सगळंच लागलं?

"तिला केलं तेवढंच माझं करा," मी म्हटलं. "तसूभर जास्त नको, तसूभर कमी नको."

"मंग चढावर सटकंल."

"सटकू दे. बघते मी."

त्यानं हात जोडले आणि नुसती चेन बदलून दिली.

सपाटीवर खरंच छान चालली. मी मनात म्हटलं, बघा, हे मेस्त्री लोक उगीच भीती घालतात. दुसऱ्या दिवशी किटली घेऊन खिंडीचा चढ लागला. मी पेडलवर उभी राहिले, जोर दिला, आणि खाडकन चेन दातांवरून सरकली. पाय रिकाम्यात गेला, गुडघा हँडलवर आपटला, अर्धं दूध रस्त्यावर. जुनी चेन झिजलेल्या दातांवर कशीतरी नांदत होती, दोघं बरोबरच झिजले होते ना. नवी चेन नव्या मापाची, तिला ते दात पेलेनात. हे मला आज कळतं. त्या वेळी मी एवढंच म्हटलं, मेल्यानं मुद्दाम ढिली बसवली.

आणि त्याच आठवड्यात घरात ओटीचा विषय निघाला.

आमच्या देवीची जत्रा चैत्रात असते. खिंडीच्या चढावरच टेकडीवर देऊळ, आणि पहिली ओटी कुणाच्या घरच्या सुनेची, यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या भांडण. एका वर्षी तर देवळातच नारळ एकमेकांवर उगारले होते. मग गावच्या पोरांनी तोडगा काढला. घराघरात आता सायकली आहेतच, तर प्रत्येक घरानं एक सून पाठवायची. पाण्याकडच्या पारापासून देवळापर्यंत जी आधी पोचेल, तिची ओटी पहिली. म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली. पण नारळ डोक्यात पडण्यापेक्षा हे बरं, म्हणून मान्य केलं.

आमच्या घरची थोरली सून मी. मान माझा. पण जेवताना आमचे हे काय बोलले? "धाकटीला पाठवू. ती जिकंल."

नवरा माझा, ताट माझं, त्यातला रस्साही मीच केलेला, आणि तोंडातून नाव तिचं! दीर मान हलवत होता. धाकटी खाली बघत भात कालवत होती, आणि त्या खाली बघण्यात मला मोठा तोरा दिसत होता.

सासूबाईंनी निवाडा केला. "मान थोरलीचा हाय. थोरलीच जाईल. पर सायकल धड पायजे. भर गावात सायकल मोडून बसली, तर घराचं नाक जाईल. मंग धाकटी जाईल."

बस्स. आता माझी सायकल सटकते हे कुणाला कळलं, तर पहिली ओटी धाकटीच्या हातची. मी गुडघ्याला हळद लावली, वरून सलवार घातली आणि गप्प बसले. पौडला जायची सोय नव्हती. मेस्त्रीचं खरं निघालं हे सगळ्या घराला कळलं असतं.

रिसॉर्टच्या वॉचमननं सांगितलं, केबल ढिली झाली असंल, आवळा. मागं जिथं केबल येऊन मिळते, तिथं बोटानं फिरवायचा एक गोल पेच असतो. मी तो आवळला. थोडा सोडला, पुन्हा आवळला, आणि राग आला तशी आवळतच गेले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता चेन नुसती सटकायचीच नाही, तर मोठ्या चकतीला घासून कटकट आवाज करायची, मधेच आपली आपण तिच्यावर चढू बघायची. आधी फक्त जोर दिल्यावर त्रास होता, आता नुसत्या फिरवण्यातही. म्हणजे दुखणं एक होतं, ते मी दोन केलं.

मग माझ्या डोक्यात आलं, ही करणी धाकटीची. आता हसू नका. तिला पेच कळतात, गिअर कळतात, आणि ओटी हवी तिला. आणखी कोण हात लावणार? मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती गोठ्याकडं गेली की मीही गोठ्याकडं. बाईला संशय आला असेल, की मला एकाएकी जनावरांची एवढी माया कशी सुटली.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर मी गोठ्यामागं सायकल घेऊन बसले होते. घरात पुरणाचा वास सुटला होता. माझी बोटं वंगणानं काळी, तो पेच काही वळणावर येईना. मागून आवाज आला, "ताई, काय झालं?"

माझा तोल गेला. "तूच विचारतेस काय झालं! तूच काहीतरी केलंस माझ्या सायकलीला. उद्या मी पडावं आणि तू मिरवावंस, असंच ना?"

रडली असती तर मला जरा समाधान झालं असतं. भांडली असती तर आणखी. पण ती खाली बसली, चेनीकडं पाहिलं आणि म्हणाली, "मागचं चाक उचलून धरा."

"कशाला?"

"धरा तर."

मी धरलं. तिनं हातानं पेडल फिरवलं. कटकट, कटकट. "केबल फार ताणलीय," ती म्हणाली. मग पेडल फिरवत फिरवतच तो पेच पाव-पाव फेरा सैल करायला लागली. पाव फेरा, गिअर वर, गिअर खाली, कान लावून ऐकणं, पुन्हा पाव फेरा. कटकट कमी झाली, मग गेलीच. चेन सरळ चकतीवर पळायला लागली. मी मनात म्हणत होते, हिला हे कुठून येतं? मला का येत नाही? आम्ही दोघी एकाच घरात राहतो, एकाच मेस्त्रीकडं जातो.

"झालं ना नीट?" मी विचारलं.

"आता ब्रेक दाबून पेडलवर भार द्या."

मी मधल्या गिअरवर ब्रेक दाबून उभी राहिले. खाडकन सरकली. तिनं दुसरा मधला गिअर टाकला, पुन्हा तसंच. सगळ्यांत मोठ्या चकतीवर टाकली, तर नाही सरकली. तिनं फडक्यानं मधल्या चकत्या पुसल्या आणि बोट लावून दाखवलं. मोठ्या चकतीचे दात सरळ, दोन्ही बाजूंनी सारखे. मधल्यांचे एका अंगाला कललेले, टोकाला विळ्यासारखे.

"केबलचा दोष होता, तो गेला. हे मात्र दात आहेत. तुम्ही रोज ह्या दोनच गिअरवर चढता ना? कॅसेट बदलल्याशिवाय नाही व्हायचं हे. आणि पौडचं दुकान आज बंद आहे, मेस्त्री पण जत्रेला गेलेत गावी."

मला माहीत होतं. मेस्त्रीनं तोंडावर सांगितलं होतं. पण तिच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग जा," मी म्हटलं. "जा, सांग आईंना. म्हणावं, थोरलीची सायकल मोडली. ने तुझी ओटी."

ती उठली आणि खरंच गेली.

मी तिथंच बसून राहिले. पहिली ओटी भरताना ती कशी दिसेल, हे मला लख्ख दिसत होतं. उंच, गोरीपान, नऊवारी चापून नेसलेली. आमचे हे पुढं होऊन फोटो काढणार. सासूबाई डोळ्याला पदर लावणार. मी बायकांच्या घोळक्यात मागं कुठंतरी, हातात तांब्या घेऊन. एवढं जळले मी त्या काही क्षणांत, की चुलीत घातलं असतं तर उरलेलं पुरण माझ्यावर शिजलं असतं.

ती परत आली, ती स्वतःची सायकल ढकलत. आल्या आल्या तिनं ती उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली, चेन सगळ्यांत लहान चकतीवर घेतली, ब्रेकची तार सोडवली आणि मागचं चाक काढलं.

"काय करतेस?"

"चाकं बदलूया. माझी कॅसेट चांगली आहे. तुमची नवी चेन तिच्यावर बसेल."

"आणि तुझी सायकल?"

"माझ्या चाकाच्या जागी तुमचं. सटकेल. उद्या कुठं चालवायचीय मला?"

"तुला नको का ओटी?"

"चढ तुमचा आहे, ताई. रोज दूध घेऊन तुम्ही चढता. मी आपली हौसेनं चढते, तेही रविवारी."

हे तिनं इतकं सहज म्हटलं, की मला कुठं पकडायचं तेच कळेना. टोमणा असता तर परतवला असता. उपकार असता तर लाथाडला असता. ती चाक बसवत होती, बोटांना वंगण लागलं तरी तिला फिकीर नव्हती. चाक बसल्यावर पेच पुन्हा थोडासा फिरवावा लागला. मग मी ब्रेक दाबून पेडलवर उभी राहिले. पूर्ण भार टाकला. चेन जागची हलली नाही.

"आईंना सांगणार आहेस का?" मी विचारलं.

"काय सांगायचं? सायकल धड आहे ना आता."

दुसऱ्या दिवशी पारापाशी सगळ्या घरच्या सुना आपापल्या सायकली घेऊन उभ्या होत्या. वरच्या आळीची सून सगळ्यांत तयारीची. तिच्या नवऱ्यानं तिला शहरातल्यासारखं हेल्मेट आणलं होतं. हलगी वाजायला लागली, कुणीतरी गमछा हलवला आणि आम्ही निघालो.

अर्धा चढ मी घाबरतच चढले. डोक्याला माहीत होतं की चाक दुसरं आहे, पण गुडघ्याला ते कुठं कळत होतं? जोर द्यायची वेळ आली, की पाय आपोआप सैल पडायचा. वरच्या आळीची माझ्या पुढं गेली. तिची वेणी माझ्यासमोर हलत होती. शेवटच्या वळणावर चढ भिंतीसारखा उभा राहतो. तिथं तिनं गिअर हलका केला, पाय भराभर फिरायला लागले आणि सायकल मंदावली. मी म्हटलं, सटकली तर सटकली. आणि उभी राहून सगळं अंग पेडलवर टाकलं.

दात धरून राहिले. प्रत्येक पावलाला धरून राहिले. किती दिवसांनी माझा जोर वाया न जाता सगळाच्या सगळा चाकात गेला. वरच्या आळीची मागं पडली, आणि मी देवळाच्या पायरीला पुढचं चाक टेकवलं, तेव्हा सासूबाई मला मारल्यासारखं पाठीवर थोपटत होत्या. "शाब्बास, थोरले! नाक राखलंस बग!"

पहिली ओटी मी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. सगळं गाव बघत होतं. आमच्या ह्यांनी फोटो काढले. ज्या बाईनं आयुष्यभर पाहुण्यांना वाढलं, तिला त्या दिवशी लोक वाट करून देत होते. मला वाटलं होतं, आता पोट भरेल. पण माझे डोळे देवीकडं नव्हते, ते गर्दीत एकच तोंड शोधत होते.

ती सापडली. माझं चाक लावलेली सायकल ढकलत, धापा टाकत वर आली होती. एवढ्या उन्हात ती सायकल वर कशाला आणली, देव जाणे. मी ओटी भरून गाभाऱ्यातून बाहेर आले, ती अशी, की तिला सगळं दिसावं. कपाळावरचा मळवट, हातातला प्रसाद, मागं उभी राहिलेली सगळ्या घरांच्या सुनांची रांग. मी तिच्या चेहऱ्यावर बारीक नजर लावली. कुठं तरी एखादी आठी असेल, ओठाचा एखादा कोपरा उतरला असेल. तेवढ्यावर मी वर्षभर सुखानं जगले असते.

ती घाम पुसत पुढं आली. माझ्या मळवटाकडं तिचं लक्षही गेलं नाही. पायरीपाशी टेकवलेल्या माझ्या सायकलीच्या मागच्या चाकाशी ती वाकली, चेनीवरून बोट फिरवलं आणि मान वर करून मनापासून हसत विचारलं, "ताई, शेवटच्या वळणावर सटकली नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं!" ती म्हणाली आणि प्रसादासाठी तिनं माझ्यापुढं ओंजळ धरली. मी तिच्या ओंजळीत प्रसाद घातला. माझ्यावर जळावं, असं तिला त्यात काहीच दिसलं नव्हतं.